पन्नास मीटर, पण कुठल्या पाण्यात?

डोंबिवलीत माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. काचेच्या आत धुकं धरलेलं घड्याळ घेऊन कुणी आलं की पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं, "अहो, यावर 50 मीटर लिहिलंय आणि मी तर फक्त आंघोळ केली." त्यांचं म्हणणं खरं असतं. त्यांनी घड्याळ 50 मीटर खोल नेलेलं नसतं आणि घड्याळावर तसं लिहिलेलंही असतं. तरीही पाणी आत गेलेलं असतं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे काउंटरवर उभ्या माणसाला दोन मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

1. तो आकडा दाबाचा आहे, खोलीचा नाही.

पाण्यात दर 10 मीटर खाली गेलं की साधारण 1 बार दाब वाढतो. म्हणून 3 बार, 3 एटीएम आणि 30 मीटर हे तिन्ही व्यवहारात एकच. 5 बार म्हणजे 50 मीटर, 10 बार म्हणजे 100 मीटर. डायलवर यांपैकी काहीही छापलेलं असू शकतं. कधी ते डायलवर नसतं, मागच्या झाकणावर बारीक अक्षरात कोरलेलं असतं.

हा आकडा येतो कुठून? रोजच्या वापराच्या घड्याळांसाठी आयएसओ 22810 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. 2010 साली ते जुन्या 2281 च्या जागी आलं. त्यातली दाबाची चाचणी अशी असते: घड्याळ पाण्याच्या बंद भांड्यात ठेवायचं, मिनिटभराच्या आत दाब ठरलेल्या आकड्यापर्यंत न्यायचा, 10 मिनिटं तसाच ठेवायचा आणि पुन्हा मिनिटभरात उतरवायचा. घड्याळ स्थिर, पाणी स्वच्छ आणि स्थिर, आणि घड्याळ नवं कोरं. त्याखेरीज 10 सेंटीमीटर पाण्यात तासभर बुडवून ठेवणं, चावीवर बाजूने जोर देऊन पाहणं, 40 अंशांच्या पाण्यातून 20 अंशांच्या पाण्यात आणि पुन्हा 40 मध्ये टाकणं अशाही चाचण्या आहेत.

या मानकात प्रत्येक घड्याळ तपासलंच पाहिजे असं बंधन नाही. उत्पादनातले नमुने तपासले तरी चालतं. म्हणजे तुमच्या मनगटावरच्या घड्याळाने ती 10 मिनिटं पाण्यात काढलीच असतील असं नाही, त्याच्या एखाद्या भावंडाने काढलेली असतील. नवं घड्याळ बहुधा त्या आकड्याला उतरतंही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण तो आकडा पहिल्या दिवसाचा आहे आणि घड्याळ आपण वर्षानुवर्षं घालतो, हे एवढं डोक्यात राहिलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

2. हात मारल्याने 30 मीटरचा दाब येत नाही.

30 मीटरचं घड्याळ पोहताना का चालत नाही, याचं एक उत्तर सगळीकडे ऐकू येतं. दुकानदार सांगतात, मित्र सांगतात, "पोहताना हात जोरात आपटतो, त्याने दाब कैक पटींनी वाढतो." मीही ते पुष्कळ ऐकलं आहे. हिशेब मात्र तसं सांगत नाही.

वाहत्या पाण्याचा जादा दाब म्हणजे घनतेच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. चांगल्या पोहणाऱ्याचा हात पाण्यात सेकंदाला 3-4 मीटर वेगाने जातो. आपण सढळ हाताने 5 धरू. 500 गुणिले 25 म्हणजे 12,500 पास्कल, म्हणजे बारचा आठवा हिस्सा. खोलीत सांगायचं तर सव्वा मीटर. म्हणजे तरणतलावात दोन मीटर खोलीवर जोरात हात मारला तरी एकूण दाब सव्वातीन मीटरच्या आसपास राहतो. 30 मीटर कुठे आणि सव्वातीन कुठे!

शॉवरचंही तसंच. सात मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी तळमजल्यापासून 22 मीटर वर असेल, तर तळमजल्याच्या बंद नळात साधारण 2.2 बार दाब असतो. नळ उघडला की त्यातला बराचसा पाइपात आणि जाळीत खर्ची पडतो. अंगावर पडणाऱ्या धारेत उरतो तो फारच थोडा. 3 बारचं नवं घड्याळ निव्वळ दाबाच्या हिशेबात शॉवरला सहज पुरतं.

दाबाचा खरा धोका दोनच ठिकाणी मी मानतो. एक म्हणजे उंचावरून उडी मारताना मनगट पाण्यावर सपाट आपटणं. तो फटका क्षणभराचाच असतो, पण वर केलेल्या हिशेबात बसत नाही आणि त्याने चावीला धक्का बसतो. दुसरं म्हणजे गाडी धुण्याचा प्रेशर पंप. घरगुती पंपसुद्धा 100 बारच्या घरात दाब तयार करतात. हातात घड्याळ ठेवून बाइक धुणारा माणूस दुसऱ्या हातात नोझल धरत असतो, घड्याळाच्या हातावर फवारा वळला की संपलं. पंप हातात घेताना घड्याळ काढून ठेवा, मग त्यावर 200 मीटर का लिहिलेलं असेना.

एवढा हिशेब मांडायचं कारण असं, की हात मारण्याच्या दाबाला दोष दिला की खरा दोषी सुटतो. मग माणूस आकडा मोठा पाहून 100 मीटरचं घड्याळ घेतो आणि निर्धास्तपणे गरम पाण्याने आंघोळ करतो.

3. खोलीपेक्षा गरम पाणी आणि साबण जास्त नुकसान करतात.

घड्याळात पाणी अडवतं ते पोलाद नव्हे. अडवतात त्या रबराच्या तीन-चार रिंगा. आमच्या भाषेत पॅकिंग. एक मागच्या झाकणाखाली, एक काचेभोवती, एक-दोन चावीच्या आत, आणि बाजूला बटणं असतील तर प्रत्येक बटणात एक. पॅकिंग थोडं दाबलेल्या अवस्थेत बसतं आणि परत फुगून मूळ आकाराला येण्याची त्याची जी ओढ असते, तिनेच फट बंद राहते. ती ओढ जितकी टिकेल तितका डायलवरचा आकडा टिकतो.

उष्णतेत रबर पोलादापेक्षा कितीतरी पट जास्त प्रसरण पावतं आणि थंडीत तितकंच जास्त आकुंचन पावतं. रोज गरम, रोज थंड, असं होत राहिलं की रबर दाबलेल्या आकारातच बसतं, कडक होतं. मानकाच्या चाचणीत पाणी 40 अंशांच्या वर जात नाही. आपल्याकडे थंडीत बादलीतलं पाणी हात सोसेल तितकं गरम घेतात, ते 42-43 अंशांपर्यंत सहज जातं. गीझरच्या धारेखाली घड्याळ आलं तर त्याहून वर. वाफेची खोली तर त्याहीपलीकडे.

आता घड्याळाच्या आतल्या हवेकडे बघा, कारण धुकं येतं ते बहुतेक वेळा इथूनच. गरम पाण्याने आतली हवा तापते, फुगते आणि कमजोर पॅकिंगच्या कडेने थोडी बाहेर पडते. आंघोळ करून तुम्ही एसीच्या खोलीत येता. 42 अंशांवरून 24 अंशांवर आलं की आतल्या हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. म्हणजे घड्याळ आत ओढून घेऊ लागतं. ओढून घेण्यासाठी बाहेर असते ती न्हाणीघरातली बाष्पाने भरलेली हवा, किंवा चावीच्या बुडाशी अडकून राहिलेला पाण्याचा थेंब. एका आंघोळीत आत जातं ते अगदी नगण्य, पण पुढे रोज त्यात भर पडते.

हे बाष्प दिसत नाही तोवर कुणाला शंका येत नाही. 40 अंशांची हवा जेवढं बाष्प धरून ठेवू शकते, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच 20 अंशांची हवा धरते. उरलेलं काचेच्या आतल्या बाजूला बसतं, कारण बाहेरच्या थंडीने काच आधी गार होते. हाताच्या उबेने ते पुन्हा विरतं आणि माणूस म्हणतो, "सकाळी धुकं होतं, दुपारी आपोआप गेलं." ते कुठेही गेलेलं नसतं. काचेवरून उठून पुन्हा आतल्या हवेत मिसळलेलं असतं आणि तिथून स्क्रूवर, चावीच्या दांड्यावर गंज धरायला मोकळं झालेलं असतं.

साबणाचं काम वेगळं. साध्या पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो, त्यामुळे ते अगदी बारीक फटीत सहज शिरत नाही. साबणाने किंवा शाम्पूने तो ताण निम्म्याहून कमी होतो आणि तेच पाणी फटीत सरपटत जातं. वर साबणाचा थर चावीच्या बुडाशी वाळून बसतो. जुन्या घड्याळाची चावी उपसली की तिथे पांढरट, चिकट चोथा निघतो. तो पॅकिंग आणि नळीच्या मध्ये बसला की रबर कितीही चांगलं असलं तरी नीट टेकत नाही. केसाचं तेल, सनस्क्रीन, सुगंधी फवारे यांनीही काही रबरं मऊ पडून फुगतात.

म्हणून माझ्या मते पोहायला चालेल असं घड्याळसुद्धा शॉवरला चालेलच असं नाही. तरणतलावाचं पाणी थंड असतं, त्यात साबण नसतो. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, कारण त्यांच्या मनात पोहणं म्हणजे मोठं पाणी आणि आंघोळ म्हणजे थोडं पाणी.

4. चावी पूर्ण आत असल्याशिवाय कुठलाही आकडा लागू नाही.

हे थोडक्यात. चावी बाहेर ओढली की तिच्या आतलं पॅकिंग नळीवरून सरकतं आणि वाट उघडते. वेळ लावताना फोन आला, चावी बाहेरच राहिली, तसेच हात धुतले, अशी घड्याळं पावसाळ्यात बरीच येतात. पिळून बसवायची चावी असेल तर ती शेवटपर्यंत फिरवलेली हवी. तिचा आटा वाकडा धरला तर ती बसल्यासारखी वाटते, पण बसत नाही. आधी अर्धा फेरा उलट फिरवून आटा लागल्याची टिचकी बोटाला जाणवली की मग सुलट फिरवावी. आणि बाजूची बटणं पाण्याखाली दाबू नयेत, जोवर कंपनीने तसं स्पष्ट लिहिलेलं नाही.

5. सेल बदलला त्या दिवशी जुना आकडा संपला.

घड्याळ उघडलं की पॅकिंगची जागा हलते. बंद करताना ते पुन्हा तसंच बसेल याची खात्री कुणी करून घेतली तरच डायलवरच्या आकड्याला अर्थ उरतो. रस्त्याकडेच्या टपरीवर पाच मिनिटांत सेल बदलून मिळतो, त्यात पॅकिंग पाहायला वेळ नसतो. मोठ्या दुकानांतही तो दर वेळी दिला जातो असं नाही.

एका ताईंचं घड्याळ सांगतो. बँकेत नोकरी. सकाळी पालिकेच्या तरणतलावावर पोहायचं, तिथेच गरम शॉवर घ्यायचा आणि तिथून थेट बँकेच्या एसीत. घड्याळ पोलादी, सेलवर चालणारं, मागचं झाकण दाबून बसवायचं, 5 बारचं. घेऊन काही वर्षं झालेली, सेल मधल्या काळात दुसरीकडे बदललेला. रोज सकाळी 6 च्या आकड्याजवळ धुकं यायचं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत विरायचं. त्यांना वाटत होतं की पोहण्याने पाणी जातं, म्हणून आठवडाभर तलावात घड्याळ घातलं नाही. शॉवरमध्ये मात्र होतं. धुकं तसंच.

झाकण उघडलं आणि चिमट्याने पॅकिंग उचललं. नवं पॅकिंग कापलं तर त्याचा छेद गोल दिसतो. हे चारी बाजूंनी चपटं होऊन चौकोनी झालेलं होतं आणि चिमट्यात धरल्यावर वाकलं तसंच राहिलं, परत आलं नाही. एका ठिकाणी त्यावर आडवी खाच होती. मागच्या वेळी झाकण तिरकं दाबलं गेलं असणार आणि काठाखाली रबर चिरडलं गेलं असणार. एवढ्यावरच नवं पॅकिंग घालून दिलं असतं तर चाललं असतं असं वाटलं असतं. पण धुकं 6 जवळ यायचं म्हणजे पाणी तिथूनच शिरतं असं नसतं. ते कुठूनही आत जातं आणि काच जिथे आधी गार होते तिथे दिसतं.

मी मशीन आणि डायल काढून घेतलं, चावी परत बसवली आणि रिकामी केस जुन्याच पॅकिंगसह बंद केली. दोष आधी दिसायला हवा, मग दुरुस्ती. आमच्याकडे दाबाचं एक जाड पारदर्शक भांडं असतं. निम्मं पाणी, निम्मी हवा. घड्याळ आधी पाण्याच्या वर, हवेत टांगायचं आणि पंपाने आतल्या हवेचा दाब वाढवायचा. मी 3 बारपर्यंत नेला आणि काही मिनिटं थांबलो. कुठे फट असेल तर या वेळात दाबाची हवा केसच्या आत शिरते. मग घड्याळ पाण्यात उतरवायचं आणि झडप अगदी हळू सोडायची. बाहेरचा दाब उतरतो, आत शिरलेली हवा बाहेर यायला बघते, आणि जिथून शिरली तिथूनच बुडबुडे काढते.

पट्ट्याच्या खाचांत अडकलेले चार-दोन बुडबुडे सुरुवातीला सुटतात, त्यांना भुलायचं नाही. ते थांबतात. इथे झाकणाच्या खाचेपाशी थांबून-थांबून एकेक बुडबुडा येत होता. पण चावीच्या बुडाशी मात्र केसासारखी बारीक, न तुटणारी माळ लागली होती. म्हणजे मोठी गळती चावीची होती. दाब पूर्ण उतरायच्या आत घड्याळ पाण्याबाहेर काढायचं असतं, नाहीतर शेवटी त्याच वाटेने पाणी आत येतं.

चावीच्या आतलं पॅकिंग वेगळं काढून बदलण्यापेक्षा पूर्ण चावी बदलणं बरं, कारण आतला भागही झिजलेला असतो. नळी तपासली, ती नितळ होती. झाकणाचं नवं पॅकिंग निवडताना आतला व्यास आणि जाडी दोन्ही मोजली. जाडीत 0.1 मिलिमीटरचा फरकही महागात पडतो. पातळ असेल तर ते दाबलंच जात नाही, जाड असेल तर झाकण बसत नाही आणि जोर लावला तर काच जाते. दोन्ही पॅकिंगना सिलिकॉन ग्रीसचा नुसता ओशट हात. ग्रीसने फट बुजत नाही. त्याने रबर पिळवटत नाही आणि नीट सरकून बसतं, एवढंच त्याचं काम. मग रिकामी केस पुन्हा भांड्यात, आधी 2 बार, मग 5. एकही बुडबुडा नाही. तेव्हा मशीन आत गेलं.

शेवटी काचेची परीक्षा. घड्याळ 40 ते 45 अंशांच्या तव्यावर ठेवून सारखं तापू द्यायचं आणि काचेवर साध्या गार पाण्याचा एक थेंब टाकायचा. मिनिटाने पुसायचा. थेंबाच्या जागी आतून धुकं दिसलं तर आत ओल राहिली आहे. काही दिसलं नाही. त्या ताई घड्याळ घालून आजही पोहतात. शॉवरच्या आधी काढून ठेवतात.

सेल बदलायला द्याल तेव्हा दोनच गोष्टी विचारा: झाकणाचं पॅकिंग नवं घालणार का, आणि बंद केल्यावर दाबाची तपासणी करून देणार का. दुसऱ्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर आलं तर सेल बदलून घ्यायला हरकत नाही, पण त्यापुढे ते घड्याळ पाण्याचं नाही असं समजून वापरा. कोरड्या हवेनेही तपासणी होते. यंत्र बाहेरचा दाब बदलून काच आणि केस किती सूक्ष्म वाकते ते मोजतं, आणि वाकलेली काच हळूहळू परत येऊ लागली तर गळती आहे असं सांगतं. गळती आहे की नाही हे ते सांगतं, कुठे आहे ते बुडबुडेच सांगतात.

6. मग कुठल्या आकड्याला काय करावं?

प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो. विशेषतः 5 बारला पोहावं की नाही यावर त्यांचं एकमत नाही, त्यामुळे आपल्या घड्याळाच्या पुस्तिकेतला तक्ता आधी बघावा. माझं मत मी सांगतो, ते काउंटरच्या या बाजूने बनलेलं आहे आणि मुद्दाम सावध आहे.

नुसतंच "वॉटर रेझिस्टंट" लिहिलंय, आकडा नाही, किंवा 3 बार आहे, तर हात धुणं, भांडी घासताना उडणारं पाणी, छत्री असूनही लागणारा पाऊस, घाम, एवढ्यापर्यंत. यांत चावी साधी असते आणि झाकण दाबून बसवलेलं असतं. नवं असताना त्याने पोहणंही सोसलं असतं, हे वर आलंच. पण दोन वर्षांनी त्याच्या हाती राखीव काहीच उरत नाही.

5 बार असेल, नवं असेल किंवा नुकतंच तपासलेलं असेल, तर तलावात सावकाश पोहायला मी हरकत घेत नाही. उडी नको. 10 बार म्हणजे पोहण्यासाठी बिनघोर घ्यावं असं घड्याळ, पिळून बसणारी चावी असेल तर आणखी चांगलं. रोज पोहणाऱ्याने याच्या खाली जाऊ नये. मोठा आकडा घ्यायचा तो खोल जायला नव्हे. पॅकिंग थोडं म्हातारं झालं तरी पुरेल एवढी शिल्लक हाताशी राहावी म्हणून. आणि मोठ्या आकड्याचं घड्याळ घेऊन त्याला चामड्याचा पट्टा लावला असेल तर पाण्याचा विषय तिथेच संपतो, पट्टा कुजतो.

गरम शॉवर या यादीत कुठेच नाही, ते मुद्दामच.

7. आयपी68 आणि 5 एटीएम या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

स्मार्टवॉच घेताना हा गोंधळ फार होतो. आयपी ही विजेच्या उपकरणांची श्रेणी आहे. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. 7 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं. 8 म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी ठरवते आणि सांगते. 5 एटीएम हा घड्याळाच्या दाबाचा आकडा. पोहणं मोजणारं घड्याळ हवं असेल तर 5 एटीएम शोधा, एकट्या आयपी68 वर जाऊ नका.

स्मार्टवॉच पूर्ण चिकटवलेलं असतं, त्यामुळे टपरीवर उघडलं जाण्याचा धोका कमी. पण तोच त्याचा तोटाही आहे. पॅकिंग बदलून पुन्हा तपासून घेण्याची सोय बहुधा नसते. एकदा पडून कड चेपली किंवा काचेला बारीक तडा गेला की पाण्याचा भरवसा सोडावा. स्क्रीन चालू आहे यावरून पाणी अडेल असं ठरत नाही.

8. समुद्र.

तारकर्लीला किंवा गोव्याला स्कूबा करायला जाणारे विचारतात, "200 मीटरचं आहे, चालेल ना?" मी विचारतो की त्यावर "डायव्हर्स" असं लिहिलंय का. पाणबुड्यांच्या घड्याळांचं मानक वेगळं आहे, आयएसओ 6425. त्यात प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली तपासावं लागतं, नमुने तपासून भागत नाही, आणि 100 मीटरच्या खालचं घड्याळ त्यात बसतच नाही. अंधारात वेळ दिसणं, खाऱ्या पाण्यात टिकणं याही अटी असतात. हौसेच्या स्कूबाला माणूस फार खोल जात नाही, पण तिथे साधं 20 बार आणि डायव्हर्स 200 मीटर यांत मी दुसऱ्याचीच निवड करीन.

खरं नुकसान समुद्रातून बाहेर आल्यावर होतं. खारं पाणी वाळलं की मिठाचे कण चावीच्या बुडाशी आणि बटणांच्या फटीत बसतात. पुढच्या वेळी चावी फिरवली की तेच कण पॅकिंगवर कानशीसारखे फिरतात. किनाऱ्यावर आल्या-आल्या, घड्याळ वाळायच्या आत, चावी घट्ट असल्याची खात्री करून गोड्या, साध्या पाण्यात ते धुऊन काढा. फिरणारी बाहेरची कडी असेल तर ती पाण्यातच दोन-तीन वेळा फिरवा, खाली वाळू साचते. तलावाच्या क्लोरीनच्या पाण्यानंतरही हेच.

9. आत धुकं दिसलंच तर.

तांदळाच्या डब्यात ठेवू नका. केस बंद असताना आतली ओल तांदूळ शोषू शकत नाही. ज्या फटीतून थोडं पाणी आत गेलं, त्या फटीतून ते तितक्या सहजी बाहेर येत नाही. हेअर ड्रायरही नको. त्याने पाण्याची वाफ होऊन ती मशीनभर पसरते आणि उरलंसुरलं पॅकिंग बिघडतं. चावी फिरवून पाहू नका, बटणं दाबू नका, पुसून ठेवा आणि त्याच दिवशी उघडायला द्या.

धुकं एकदाच, क्षणभर, कडक थंडीत किंवा एसीत दिसलं आणि पुन्हा कधीच नाही, तर नव्या घड्याळात आतल्या हवेचीच ती ओल असू शकते. गार पाण्याचा थेंब काचेवर टाकून मिनिटभराने बघा. त्या जागी धुकं धरून राहिलं तर उघडायलाच हवं. थेंब दिसत असतील, डायलचा रंग फुगला असेल किंवा 6 जवळ तपकिरी डाग धरत असेल, तर एक रात्रही थांबू नये. सेलवरच्या घड्याळात एक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तिची तार केसाहून बारीक. ओलीने ती एका जागी जरी खाल्ली गेली तरी मशीन बदलावं लागतं. चावीच्या घड्याळात गंज पहिल्यांदा चावीच्या दांड्याला धरतो आणि दांड्याचा चुरा आतल्या चाकांत जातो.

खारं पाणी गेलं असेल तर दिवस नव्हे, तास मोजा. तारकर्लीहून घरी येईपर्यंत थांबू नका, मालवणात किंवा कुडाळात जो घड्याळवाला उघडा सापडेल त्याच्याकडून झाकण काढून घ्या. त्याच्याकडे दाबाचं भांडं नसलं तरी चालेल. त्या घटकेला झाकण उघडून मशीन मोकळं होणं एवढंच पुरेसं आहे. पॅकिंग आणि तपासणी घरी आल्यावर.